खरेदीवरचे तीस, विक्रीवरचे तीस

प्रश्न: नमस्कार सर. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी निपाणीत रेडिमेड कपड्यांचं लहान दुकान टाकलं. कुर्ती, गाऊन, लेगिंग, मुलांचे कपडे आणि थोडे कंपनीचे आतले कपडे ठेवते. माल कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या होलसेल बाजारातून आणते. सासरे म्हणाले होते, कापडात तीस टक्के सुटले पाहिजेत. म्हणून बिलातल्या रेटवर तीस टक्के चढवून टॅग लावते. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा दहा-वीस रुपये सोडते. महिन्याला रोख आणि ऑनलाइन मिळून साधारण दोन लाख साठ हजारांची विक्री होते. तीस टक्क्यांनी अठ्ठ्याहत्तर हजार नफा व्हायला हवा. भाडं १५,०००, कामाच्या मुलीचा पगार ११,०००, लाईट ३,०००, बँकेचा हप्ता २१,००० आणि प्रवास, पिशव्या, चहापाणी, किरकोळ धरून ८,००० असा ५८,००० खर्च आहे. म्हणजे वीस हजार उरायला पाहिजेत. उरत तर नाहीतच, उलट दोनदा माल भरायला घरातून पैसे घ्यावे लागले. घरचे म्हणतात, गल्ल्यातून कोणीतरी काढतंय. दुकानात माझ्याशिवाय ती मुलगीच असते. तिला विचारायचं कसं तेच कळत नाही. जीएसटी नंबर अजून घेतलेला नाही.

— एक दुकानदार, निपाणी

उत्तर: ताई, त्या मुलीला अजून काही बोलला नसाल तर बोलू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला तरी चोरीचा संशय येत नाही. अठ्ठ्याहत्तर हजारांचा नफा तुमच्या दुकानात आजवर एकाही महिन्यात झालेला नाही, त्यामुळे तो कोणी नेण्याचा प्रश्नच येत नाही. तरी खात्री करून घ्यायची एक रीत पुढे सांगतो, ती येत्या महिन्यात नक्की करा. आधी पैसा कुठे अडतो ते एका कुर्तीवर बघू.

गांधीनगरच्या बिलात कुर्तीचा रेट २०० रुपये आहे असं धरा. तुम्ही त्यावर तीस टक्के, म्हणजे ६० रुपये चढवले आणि २६०चा टॅग लावला. कुर्ती २६०ला गेली तर तुमच्याकडे ६० रुपये राहिले. इथवर सगळं ठीक आहे. पण महिनाअखेरीला तुम्ही नफा काढता तेव्हा तीस टक्के विक्रीवर लावता. २६०चे तीस टक्के ७८ होतात. कुर्तीमागे ६० सुटले आणि हिशेबात ७८ धरले. दर कुर्तीला १८ रुपये कागदावर जादा आले, आणि महिन्याच्या २,६०,००० विक्रीवर हाच फरक १८,००० रुपयांचा झाला.

चढवताना पाया खरेदीचा होता, मोजताना तो विक्रीचा झाला. विक्री नेहमी खरेदीपेक्षा मोठी असते, म्हणून तेच ६० रुपये खरेदीच्या मानाने ३० टक्के आणि विक्रीच्या मानाने २३ टक्के भरतात. खरेदीवर जे चढवतो त्याला व्यापारात मार्कअप म्हणतात आणि विक्रीतून जे सुटतं त्याला मार्जिन. सासऱ्यांचं वाक्य पुन्हा वाचा: तीस टक्के ‘सुटले’ पाहिजेत. ते मार्जिनबद्दल बोलत होते असं मला वाटतं, आणि तुम्ही मार्कअप लावला. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळेत शेकडा नफा काढायला शिकवतात तेव्हा भागाकार कायम खरेदीच्या किमतीनेच करायला लावतात. तीच सवय घेऊन आपण दुकानात बसतो आणि तिथे गल्ला मात्र विक्रीचा असतो.

आता त्याच कुर्तीच्या खरेदीकडे जरा बारकाईने बघा. २०० हा बिलातल्या रेटच्या रकान्यातला आकडा आहे. त्याखाली जीएसटीची ओळ असते. अशा कपड्यावर ५ टक्के कर लागतो, म्हणजे १० रुपये. तुमच्याकडे जीएसटी नंबर नाही, त्यामुळे हे १० रुपये तुम्हाला कुठूनही परत मिळत नाहीत. तुमच्यापुरता तो खरेदीचाच भाग आहे. शिवाय गांधीनगरपर्यंतचं जाणं-येणं, गठ्ठ्याची हमाली आणि टेम्पोचं भाडं आहे. एका खेपेचा हा सगळा खर्च त्या खेपेतल्या नगांत वाटला तर नगामागे चार रुपये तरी येतील असं धरतो. तुमचा खरा आकडा तुमच्या पावत्यांवरून काढा. हा खर्च तुम्ही किरकोळमध्ये घालत असाल तर तो तिथून काढून इथे आणा, दोन्हीकडे धरू नका. म्हणजे कुर्ती तुमच्या फळीवर येऊन पडते तेव्हा ती २१४ची झालेली असते. २६०ला विकली तर ४६ रुपये सुटले.

त्यात गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, ‘ताई, अडीचशेला द्या की.’ तुम्ही दिली. दहा रुपये ही तुमच्या मनात २६०तली लहानशी सूट आहे, जेमतेम चार टक्के. पण ती २६०तून जात नाही, ती तुमच्या ४६तून जाते. ४६चे ३६ राहिले. एका वाक्यात नफ्याचा पाचवा हिस्सा गेला. २५०च्या विक्रीत ३६ सुटले म्हणजे मार्जिन झालं १४.४ टक्के.

याच हिशेबाने महिना काढू. २५०च्या भावाने २,६०,०००ची विक्री म्हणजे १,०४० नग. नगामागे ३६ धरले तर ३७,४४० रुपये हाती आले. खर्च आहे ५८,०००. महिन्याला साडेवीस हजारांची तूट पडते आहे, आणि माल भरायला तुम्ही घरातून जे पैसे घेतलेत त्यांनी हीच तूट भरून निघाली आहे. सगळा माल याच भावाचा नसेल, हे मला कळतं. पण सगळ्या मालाला एकच रीत लावली असेल तर टक्का याच्या फार इकडेतिकडे जाणार नाही. (हप्त्यातली मुद्दल हिशेबाच्या भाषेत खर्च नसते, फक्त व्याज खर्च असतं. पण हप्ता गल्ल्यातूनच भरायचा आहे, म्हणून किंमत ठरवताना तो पूर्ण धरणंच बरं.)

इथून पुढे एकच पाया धरा, आणि तो विक्रीचा धरा. याचं कारण साधं आहे. भाडं, पगार, लाईट, हप्ता हे सगळं तुम्ही गल्ल्यातून देता आणि गल्ल्यात पडते ती विक्री. ५८,००० खर्च हा २,६०,०००च्या विक्रीत २२.३ टक्के बसतो. तुम्हाला २०,००० उरायला हवेत, म्हणजे एकूण ७८,००० सुटले पाहिजेत, आणि ते विक्रीच्या बरोबर ३० टक्के होतात. आकडा तुम्ही योग्यच धरला होता. तो मिळवायचा असेल तर किंमत वेगळ्या रीतीने काढावी लागेल.

विक्रीतून ३० टक्के सुटायचे म्हणजे विक्रीच्या ७० टक्क्यांत खरेदी बसली पाहिजे. म्हणून खरेदीला ०.७०ने भागायचं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २१४ भागिले ०.७० केलंत की ३०५.७१ येतात, म्हणजे ३०५ ते ३०६ रुपये. ताळा करून बघा: ३०६तून २१४ गेले, ९२ राहिले, आणि ३०६चे ३० टक्के ९२च्या जवळच येतात. ही कुर्ती शेवटी ज्या भावाला जायला हवी तो हा भाव आहे. घासाघिशीत सरासरी दहा-पंधरा रुपये सुटत असतील तर ते टॅगमध्ये आधीच असायला हवेत. म्हणजे टॅग ३२०चा.

दर वेळी कॅल्क्युलेटर काढायला नको असेल तर जुन्या पेढीवरच्या माणसांसारखा हिश्शांचा हिशेब करा. खरेदीचा चौथा हिस्सा चढवला तर विक्रीचा पाचवा हिस्सा सुटतो. तिसरा चढवला तर चौथा सुटतो. निम्मा चढवला तर तिसरा. दुप्पट केली तर निम्मा. प्रत्येक वेळी एक घर पुढे जायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. म्हणजे २० टक्के सुटायला २५ चढवायचे, २५ सुटायला ३३ आणि ३३ सुटायला ५०. तुम्हाला हवे असलेले ३० टक्के या शेवटच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये येतात, जवळपास ४३ टक्के चढवल्यावर. होलसेलवाला ‘दहावर एक फुकट’ सांगतो तिथेही हीच गोष्ट आहे. दहा टक्के सूट मिळाली असं वाटतं, पण अकरा नग घेऊन दहाचे पैसे दिलेत, म्हणजे सूट अकराव्या हिश्शाची, नऊ टक्क्यांची झाली.

तुमच्या मनात आता काय आलं असेल ते मला कळतं. २६०ची कुर्ती ३२०ला लावली तर गिऱ्हाईक उठून कोल्हापूरला जाईल. काही जण जातीलही. पण किती जण गेले तर तुमचं नुकसान होईल ते मोजून ठेवा, म्हणजे भीतीलाही माप लागेल. आज तुम्ही १,०४० नग विकून ३७,४४० मिळवता. ३०६ने विकलंत तर ८५० नगांतच तेवढीच २,६०,०००ची विक्री होते आणि त्यातून ७८,००० सुटतात. म्हणजे १९० नग कमी खपूनही हवा तो नफा मिळतो. नुसता खर्च भागवायचा तर साडेसहाशे नग पुरे होतात. दर पाच-सहा गिऱ्हाइकांतलं एक तुटलं तरी तुम्ही आजच्यापेक्षा पुष्कळ बऱ्या स्थितीत असाल. उलट आजच्या भावाने जास्त नग विकून हा खर्च भागवायचा म्हटलं तर १,६००च्या वर नग खपवावे लागतील. तेवढ्यासाठी जागा, मुलगी आणि भांडवल तिन्ही वाढवावं लागेल आणि खर्च पुन्हा पुढे पळेल.

मात्र सगळ्या मालाला सरसकट ३० टक्के लावू नका. लेगिंग, टॉवेल, साधा गाऊन यांचा भाव निपाणीतल्या प्रत्येक बाईला पाठ असतो. तिथे पाच रुपये वर दिसले तरी दुकान महाग म्हणून नाव होतं. असा माल १८ ते २० टक्क्यांवर ठेवा. कुर्ती, मुलींचे फ्रॉक, सणासुदीचे सेट यांत दोन नग सारखे नसतात, तुलना करायला गिऱ्हाइकाकडे काही नसतं, आणि निवड करून आणण्यात तुमचा वेळ व नजर गेलेली असते. तिथे ३५ ते ४० टक्के घ्या. फक्त सरासरी काढताना विक्रीचा वाटा बघा. निम्मी विक्री २०च्या मालाची आणि निम्मी ४०च्या मालाची असेल तर सरासरी ३० येते. विक्रीचे साठ टक्के लेगिंग आणि गाऊनचेच असतील तर ती २८वर उतरते, आणि तुमच्या उलाढालीवर हे दोन टक्के म्हणजे महिन्याला ५,२०० रुपये होतात.

निवडीच्या मालात आणखी एक खड्डा आहे. कोणत्याही खेपेत काही नग राहतात: साईज तुटते, रंग कोणाला आवडत नाही. दहा कुर्त्यांतल्या आठ ३०५ने गेल्या आणि दोन शेवटी २००ला काढाव्या लागल्या, तर सगळ्या मिळून २,८४० आले. खरेदी २,१४०. सुटले ७००, म्हणजे पावणेपंचवीस टक्के. टॅगवर ३० टक्के लिहून खेपेत ते मिळाले नाहीत. दहापैकी दोन राहतात असा तुमचा अनुभव असेल तर उरलेल्या आठांना त्या दोघींचं ओझं उचलावं लागेल, आणि ३० टक्क्यांसाठी त्या ३३२ला जाव्या लागतील. म्हणून खेप संपल्यावर तिची एकूण विक्री आणि एकूण खरेदी समोरासमोर मांडून बघा. तीन-चार खेपांनंतर तुमच्याच दुकानाचा आकडा तुम्हाला मिळेल.

कंपनीच्या मालाचा प्रकार वेगळा आहे. पाकिटावर एमआरपी छापलेली असते, ती सगळ्या करांसह असते आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. तिथे किंमत ठरवणं तुमच्या हातात नाही, खरेदीचा भाव तेवढा हातात आहे. म्हणून वितरकाचा माणूस ‘पंचवीस टक्के मिळतात’ म्हणाला की त्याला तिथेच विचारायचं, एमआरपीवर की तुमच्या रेटवर? १६०च्या एमआरपीवर पंचवीस म्हणजे नग तुम्हाला १२०ला पडला. त्याच्या रेटवर पंचवीस म्हणजे तो १२८ला पडला आणि मार्जिन २० टक्केच राहिलं. एका नगाला आठ रुपयांचा फरक, आणि दोघे वितरक तोंडाने पंचवीसच सांगतात. दुसरा प्रश्न लगेच विचारायचा: रेट जीएसटी धरून आहे की वर वेगळा लागणार? निपाणीत तर कोल्हापूरकडचे आणि बेळगावकडचे असे दोन्ही बाजूंचे लोक ऑर्डर घ्यायला येतात. त्यांची तुलना टक्क्यांवर करूच नका. करासह, दुकानात पोचता नग किती रुपयांना पडतो तेवढं लिहून घ्या आणि दोन आकडे शेजारी ठेवा.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. कर्नाटकात नुसत्या मालाच्या विक्रीला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तुमची ३१ लाखांच्या घरात आहे, पण दिवाळी आणि लग्नसराई चांगली गेली तर सीमा फार लांब नाही. नोंदणीनंतर कंपोझिशन, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर-योजना, घेतलीत तर उलाढालीच्या १ टक्का कर तुम्हाला स्वतःच्या पदरचा भरावा लागेल. तो गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येत नाही, म्हणजे तो थेट मार्जिनमधून जातो. ३०चं मार्जिन तिथे २९ धरा. नेहमीची नोंदणी घेतलीत तर खरेदीवरचा कर वजा मिळतो, मग खरेदी आणि विक्री दोन्ही कर वगळून मांडायच्या. आणि कागल, कोल्हापूरकडच्या ओळखीच्यांना फोटो पाठवून, पार्सलने माल विकायचा विचार असेल तर थांबा. राज्याबाहेर माल पाठवून विकायला उलाढाल कितीही लहान असली तरी आधी नोंदणी लागते, आणि कंपोझिशनवाल्याला तशी विक्री करताच येत नाही. तिकडचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येऊन घेऊन गेलं तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आता गल्ल्याची खात्री. महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकान उघडायच्या आधी सगळा माल मोजा. प्रत्येक नग टॅगच्या किमतीने नाही, तर करासह आणि भाड्यासह पडलेल्या भावाने धरा. महिनाभराची खरेदी त्यात मिळवा. पुढच्या एक तारखेला पुन्हा मोजा आणि उरलेला माल वजा करा. जे राहील ती विकलेल्या मालाची खरेदी. समजा सुरुवातीला ४,१०,०००चा माल होता, महिन्यात २,०५,०००चा आला आणि शेवटी ३,९२,०००चा उरला. म्हणजे २,२३,०००चा माल बाहेर गेला. विक्री २,६०,००० झाली असेल तर ३७,००० सुटले, म्हणजे १४ टक्के. कुर्तीवर काढलेलं मार्जिन १४.४ होतं. दोन आकडे इतके जवळ आले तर गल्ल्यातून आणि फळीवरून काहीही गेलेलं नाही, पैसा किमतीतच अडकला आहे. मोजणीत आठ-नऊ टक्केच निघाले, तर मात्र शोध घ्यायला हवा. तेव्हाही पहिला संशय माणसावर नको. उधारीवर दिलेला माल विक्रीत लिहायचा राहिला का, घरात वापरायला नेलेला नग नोंदला का, होलसेलवाल्याने गठ्ठ्यात बिलापेक्षा कमी नग भरले का आणि तुम्ही आल्या आल्या मोजले का, हे आधी बघा. उधारीची विक्री ज्या दिवशी माल गेला त्याच दिवशी लिहायची, पैसे आल्यावर नव्हे.

मोजणी त्या मुलीला बरोबर घेऊनच करा. ती नग सांगेल, तुम्ही लिहाल. तिला दुकानाचा माल कळेल आणि तुम्हाला तिचं काम कळेल.

टॅगचं काम पुढच्या खेपेपासून सुरू करा. जुन्या मालावरचे टॅग एका रात्रीत बदलले तर ज्या बाईने परवा २६०ला कुर्ती नेली ती आज बहिणीला घेऊन येते आणि ३२० बघते. जुना माल जुन्या भावाने संपू द्या, फक्त त्यावरची सूट बंद करा. नव्या टॅगच्या कोपऱ्यात पडलेला भाव खुणेने लिहा. कापडवाले दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवतात आणि एकेका अंकाला एकेक अक्षर देतात. २१४च्या जागी तीन अक्षरं दिसतात, ती गिऱ्हाइकाला कळत नाहीत. तुम्हा दोघींना मात्र घासाघीस चालू असताना खरेदी किती ते डोळ्यासमोर असतं.

त्या खरेदीवरून खालची मर्यादा काढायची ती अशी. तुमचा खर्च विक्रीच्या २२.३ टक्के आहे, म्हणून खरेदीला ०.७७७ने भागायचं. २१४ची कुर्ती २७५वर येते. ३२०चा टॅग, ३०५ला खुशाल द्या, फारच नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर २९०ला द्या, पण चालू मालातली कुर्ती २७५च्या खाली गेली तर त्या विक्रीतून तिच्या वाट्याचं भाडं आणि पगारही निघत नाही. आज तुम्ही २५०ला देता आहात ते या मर्यादेच्या पंचवीस रुपये खाली आहे. राहिलेला, साईज तुटलेला माल याला अपवाद, तो २१४च्या खालीही काढून पैसे मोकळे करावेत.

आणि हे २२.३ टक्के दर महिन्याला बदलू नका. खर्च जवळपास ठरलेला असतो, विक्री हलते. भर पावसात विक्री १,६०,०००वर आली तर तोच ५८,००० खर्च ३६ टक्क्यांवर जातो. तेवढं मार्जिन कोणत्याही गिऱ्हाइकाकडून मिळणार नाही. दिवाळीच्या महिन्यात तोच खर्च पंधरा टक्क्यांवर उतरेल आणि किंमत पाडायचा मोह होईल. बारा महिन्यांचा खर्च आणि बारा महिन्यांची विक्री घेऊन एक टक्का काढा आणि वर्षभर तोच वापरा. तुमच्या दुकानाला वर्ष पूर्ण झालं असेल तर हे आकडे आजच तुमच्या वहीत आहेत. नसेल तर जितके महिने झाले तितक्यांवर सुरुवात करा आणि पुढच्या गणपतीला पुन्हा मांडा.